तिसरा फंड घेतल्यावर जोखीम घटते की वाढते?

प्रश्न: माझे ६० टक्के पैसे निफ्टी इंडेक्स फंडात आणि ४० टक्के मिडकॅप फंडात आहेत. नाशिकच्या आमच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो गोल्ड ईटीएफ घे, दुसरा म्हणतो स्मॉलकॅप घे, काहीही घे, तीन झाले की जोखीम आपोआप कमी होते. दोन फंडांचं सूत्र मला येतं, तिसऱ्याला गाडी अडते. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सने हे स्वतः कसं तपासायचं?

उत्तर: आपोआप काही होत नाही. तुमच्या ग्रुपमधल्या दोन सल्ल्यांपैकी एकाने जोखीम घटते आणि दुसऱ्याने वाढते. दोन्ही मांडून दाखवतो.

आधी आकडे ठरवू. हे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या फंडांचे तुम्ही काढा. वार्षिक स्टँडर्ड डेव्हिएशन निफ्टीचं १६ टक्के, मिडकॅपचं २० आणि सोन्याचं १५. कोरिलेशन निफ्टी-मिडकॅप ०.८५, निफ्टी-सोनं ०.०५, मिडकॅप-सोनं ०.१०. कोव्हेरियन्स म्हणजे कोरिलेशन गुणिले दोघांची स्टँडर्ड डेव्हिएशन. निफ्टी-मिडकॅपचं ०.८५ × १६ × २० = २७२. टक्के पूर्णांकातच ठेवा, ०.१६ वगैरे करू नका. शेवटी वर्गमूळ काढलं की उत्तर थेट टक्क्यांत येतं.

```
          निफ्टी   मिडकॅप   सोनं
निफ्टी     256     272      12
मिडकॅप     272     400      30
सोनं        12      30     225
```

कर्णावर प्रत्येकाचं स्वतःचं व्हेरियन्स आहे, बाकी घरांत जोड्या. दोन फंडांच्या सूत्रात ही चार घरं होती, आता नऊ झाली, बाकी काहीही बदललेलं नाही. प्रत्येक घरातला आकडा त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या वेटेजने गुणायचा आणि नऊच्या नऊ मिळवायचे. प्रत्येक जोडी दोनदा येते, सूत्रातला तो २ तिथून आला.

६०-४० ला तुमचं आजचं व्हेरियन्स येतं २८६.७२, म्हणजे जोखीम १६.९३ टक्के. आता २० टक्के सोनं घ्या आणि जुन्या दोघांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवा: ४८, ३२, २०. वेटेज B2 ते B4 मध्ये आणि मॅट्रिक्स D2 ते F4 मध्ये असेल तर एक्सेलमध्ये एवढंच लिहा:

```
=SQRT(SUMPRODUCT(B2:B4,MMULT(D2:F4,B2:B4)))
```

वेटेज 0.48, 0.32, 0.20 असं घाला, बेरीज १ यायला हवी. उत्तर १४.०९ टक्के. जवळपास तीन टक्क्यांनी खाली.

ही घट कुठून आली ते शीटमध्ये दिसत नाही, म्हणून हेच गणित दुसऱ्या वाटेने करू. तुमचा जुना ६०-४० पोर्टफोलिओ ही एकच वस्तू धरा. सोन्याचं तिच्याशी कोव्हेरियन्स ०.६ × १२ + ०.४ × ३० = १९.२. मग नऊ घरांचे तीनच तुकडे उरतात: जुन्याचा हिस्सा ०.६४ × २८६.७२ = १८३.५०, सोन्याचा स्वतःचा ०.०४ × २२५ = ९, आणि दोघांचा मिळून २ × ०.८ × ०.२ × १९.२ = ६.१४. बेरीज १९८.६४, वर्गमूळ तेच १४.०९. सोनं स्वतः १५ टक्क्यांनी वरखाली होतं, पण त्याची ती अस्थिरता २० टक्के वेटेजच्या वर्गाने गुणली जाऊन नऊवर येते. महत्त्वाचा आकडा १९.२ हाच आहे.

आता स्मॉलकॅप. स्टँडर्ड डेव्हिएशन २४, निफ्टीशी कोरिलेशन ०.७५, मिडकॅपशी ०.९ धरू. कोव्हेरियन्स अनुक्रमे २८८ आणि ४३२, आणि जुन्या पोर्टफोलिओशी मिळून ३४५.६. त्याच पद्धतीने १८३.५० + २३.०४ + ११०.५९ = ३१७.१३, म्हणजे १७.८१ टक्के. फंड तीन झाले आणि जोखीम वाढली.

इथे बहुतेकांची गफलत होते. जुन्या पोर्टफोलिओशी या स्मॉलकॅपचं कोरिलेशन साधारण ०.८५ येतं. ‘एकपेक्षा कमी आहे ना, मग डायव्हर्सिफिकेशन होणारच’ असा समज असतो, पण तेवढं पुरत नाही. थोडंसं वेटेज देऊन सुरुवात करताना तुलना करायची ती नव्याचं जुन्याशी असलेलं कोव्हेरियन्स आणि जुन्याचं स्वतःचं व्हेरियन्स यांची. सोन्याचे १९.२ हे २८६.७२ पेक्षा कमी, म्हणून जोखीम घटली, स्मॉलकॅपचे ३४५.६ जास्त, म्हणून वाढली. कोरिलेशनच्या भाषेत सांगायचं तर जुन्याची जोखीम भागिले नव्याची जोखीम, इथे १६.९३ ÷ २४ = ०.७१, ही मर्यादा. त्याच्या खाली असेल तरच फायदा.

ही कसोटी पहिल्या घासापुरती आहे, वेटेज वाढवत गेलात की चित्र बदलतं. वरच्या आकड्यांत सोनं साधारण ५७ टक्क्यांपर्यंत नेलं की जोखीम सर्वांत कमी, ११.६ च्या आसपास, आणि त्यापुढे ती पुन्हा चढते. म्हणून लगेच ५७ टक्के सोनं घेऊ नका. या मॅट्रिक्सला परताव्याचं काहीच माहीत नसतं.

स्वतःचे आकडे काढताना एनएव्हीवर नाही, मासिक परताव्यांवर `COVARIANCE.S` चालवा आणि १२ ने गुणून वार्षिक करा. तिन्हींचे महिने तेच हवेत. सोन्याचा भाव रुपयातलाच घ्या. रुपया घसरतो तेव्हा डॉलरमधला भाव जागच्या जागी असला तरी इथे सोनं महागतं, आणि अशा वेळी आपला शेअर बाजारही बऱ्याचदा दबलेला असतो. डॉलरचे आकडे घेतलेत तर नेमका हा आधार हिशेबातून गळतो. कोरिलेशनही तीन ठिकाणांहून तीन वेगळ्या कालखंडांची उचलू नका. ती एकमेकांशी न जुळणारी असली तर एखाद्या वेटेजला व्हेरियन्स ऋण येऊ शकतं आणि एक्सेल `#NUM!` दाखवतं. तसं दिसलं की सूत्राशी झटापट न करता डेटा तपासा.

एक चाचणी मात्र जरूर करा. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळत असताना काही दिवस सोन्याचा भावही उतरला होता, कारण लोक मिळेल ते विकून रोख गोळा करत होते. म्हणून सोन्याची दोन्ही कोरिलेशन ०.४ करून बघा. जोखीम १५.०४ येते. फायदा बराच आटला, तरी १६.९३ च्या खालीच आहे, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर सोन्याकडे वळलो असतो. दागिने नाही हं, ईटीएफच. सराफ बाजारातली मजुरी या मॅट्रिक्सच्या कुठल्याच घरात बसत नाही.

आणि ग्रुपमध्ये कुणीतरी ‘त्यापेक्षा पाथर्डी फाट्याला प्लॉट घे, त्याची किंमत हलतच नाही’ म्हणेलच. किंमत हलत नाही असं वाटतं ते दरमहा कुणी ती विचारत नाही म्हणून. चार वर्षांतून एकदा कळणाऱ्या किमतीवरून कोव्हेरियन्स काढलं तर ते शून्याजवळ येणारच. तो आकडा मॅट्रिक्समध्ये घालू नका.