पिन सांगून मोकळ्या होणाऱ्या काकू

"मॅडम, मी ज्येष्ठांना मोबाइल शिकवते, बिलं भरून देते, तासाचे पैसे घेते. काका-काकू मला पिन सांगून मोकळे होतात. नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं. उद्या कुणाच्या खात्यातून काही गेलं तर नाव माझंच येणार ना? रात्ररात्र झोप लागत नाही."

ठाण्यात ही कामं करणारी माणसं आता गल्लोगल्ली दिसतात. माझ्याकडे समुपदेशनासाठी अशा चार बायका आणि एक तरुण मुलगा येऊन गेला, आणि पाचही जणांचं गाऱ्हाणं जवळपास हेच होतं. त्यांतल्या सुजाताची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

सुजाता पंचेचाळिशीची. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या पट्ट्यात तिची अकरा घरं. माझ्याकडे येण्याआधी एक प्रसंग घडला होता. चरईतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकूंचं 1,840 रुपयांचं विजेचं बिल तिनं यूपीआयनं भरलं. पडद्यावर बराच वेळ 'प्रलंबित' दिसत राहिलं. काकू घाईला आल्या, म्हणून तिनं पुन्हा भरलं. पासबुकात दोनदा पैसे गेलेले दिसले आणि परगावच्या मुलाचा फोन आला, "आईचा फोन तुम्ही हाताळता ना?"

पैसे कापले गेले पण दुकानदाराला किंवा बिलाच्या कंपनीला पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माणसाकडून माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एकच दिवसाची. म्हणून 'प्रलंबित' दिसलं की लगेच दुसऱ्यांदा भरायचं नसतं. 12 अंकी संदर्भ क्रमांक टिपून थांबायचं. इथेही पाचव्या दिवशी 1,840 रुपये जमा झाले आणि मुलानं दिलगिरी व्यक्त केली. झोप मात्र परत आली नाही.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. माणूस भीतीचं वर्णन करू लागला की त्या भीतीमागचं वाक्य शोधायची मला खोडच आहे. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "इतक्या जणांचे पिन तुमच्या लक्षात कसे राहतात?"

तिनं पर्समधून एक छोटी वही काढली. "लिहून ठेवलेत. त्या विसरतात ना."

"ही हरवली तर?"

"तेच स्वप्न पडतं मला."

"मग फाडून का नाही टाकत?"

ती खूप वेळ गप्प राहिली. रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली, गेली. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा शांततेत घाईनं शब्द टाकायचा मोह आवरायला मला वीस वर्षं लागली आहेत. मग ती हळूच म्हणाली, "फाडली तर त्यांना माझी गरज काय उरेल?"

आळाची भीती खरी होतीच. पण झोप उडवत होतं ते हे वाक्य. ती ज्या वहीला घाबरत होती, त्याच वहीवर तिचं त्या घरांतलं स्थान उभं आहे असं तिला वाटत होतं. तिच्याकडे पिन असला तर ती लेकीसारखी, नसला तर तासाची बाई. आधीच्या चौघांच्या वेळी मी 'नाही म्हणायला शिका' एवढ्यावरच थांबले होते, हे त्या दिवशी मला उमगलं.

समजुतीपेक्षा पुराव्यावर माझा भरवसा. मी तिला मागच्या महिन्यातल्या फेऱ्या मोजायला लावल्या. एकूण त्रेचाळीस. पिन लागला अशा फक्त अकरा. बाकीच्या बत्तीस? व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा दिसतो पण आवाज जात नाही, कारण माइकची परवानगी चुकून नाकारलेली. सुप्रभातच्या चित्रांनी फोन भरून गेलेला. अक्षरं मोठी करणं, नको ते नंबर अडवणं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला चेहरा दाखवून काढणं. आकडा बघून ती हसली. "म्हणजे वहीवर माझं पोट नाहीच!"

यानंतर आम्ही तालीम केली. मी काकू झाले. "अगं, तू काय परकी आहेस? टाक ना तूच." पहिल्या दोन वेळा ती विरघळली. तिसऱ्यांदा म्हणाली, "काकू, मला पिन माहीत असला आणि पैसे गेले, तर बँक तुमचीच चूक धरेल." हे खरंच तसं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार, पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. नकारात काकूंचंच हित आहे, हे तिच्या तोंडी बसल्यावर आवाजातला अपराधीपणा गेला.

मग घरोघरी जाऊन पिन परत केले. जुना पिन माहीत असेल तर तो बदलायचं काम दोन मिनिटांचं. अ‍ॅपमध्ये बँक खात्याखाली Change UPI PIN, जुना पिन एकदा, नवा दोनदा. विसरला असेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. आकडे टाकायची वेळ आली की सुजातानं खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, हे ठरलेलं. शिकवताना हातात चहाचा कप धरायचा, हा माझा आवडता उपाय. हात मोकळा असला की फोन ओढून घेतलाच जातो, आणि समोरचा माणूस पुढच्या वेळीही काहीच करत नाही. वेळ दुप्पट लागतो, त्याचे पैसे मागायला लाजू नका.

नवा पिन विसरण्याची धास्ती असतेच. बँका सांगतात, कुठेही लिहू नका. माझं मत थोडं वेगळं आहे. ऐंशीच्या घरातल्या माणसानं तो घरातल्या एखाद्या जुन्या वहीत, फोन आणि कार्डापासून लांब, 'पिन' हा शब्द न लिहिता टिपला, तर मला ते मदतनिसाच्या पर्समधल्या यादीपेक्षा सुरक्षित वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असावेत. पेन्शन आणि ठेवींचं खातं वेगळं.

दोन घरांत हे जमलं नाही. एका काकांचे हात कापतात, एका आजींना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. तिथं शिकवण्याचा हट्ट धरणं क्रूरपणा ठरला असता. काकांच्या सुनेनं 'यूपीआय सर्कल' सुरू केलं. त्यात खातं काकांचंच राहतं आणि त्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त 15,000 रुपयांपर्यंत, सून आपल्या फोनवरून खर्च करू शकते. हे नातं घरच्याच माणसाशी जोडायचं, मदतनिसाशी कधीच नाही. आजींची बिलं आता मुलगी भरते. सुजाता तिथं फक्त नातवाचा व्हिडिओ कॉल लावून द्यायला जाते.

पर्समध्ये आता दुसरी वही आहे. तारीख, काम, रक्कम, संदर्भ क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात घरच्या ज्येष्ठांची सही. चरईच्या काकूंच्या मुलाला तिनं स्वतःहून या पानाचा फोटो पाठवला.

शेवटच्या भेटीत तिनं काकूंची नक्कल करून दाखवली. परवा काकू दुधाचे पैसे देत असताना सुजाता खिडकीकडे वळायची विसरली, तर काकूंनी फोन छातीशी धरला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तोंड फिरव गं आधी."