घाटावर नव्याने राखणीला उभे राहणाऱ्यास

पोळ्याच्या दिवशी वर्धेच्या घाटावर बैल धुताना जो ओरडतो किंवा हात हलवतो, त्याच्याजवळ निदान श्वास तरी असतो. तुम्ही आधी गप्प झालेल्याकडे पाहावे. बुडणारा माणूस पाण्यात उभाच दिसतो, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीवर येते-जाते, आणि हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असल्याने त्याला ते हलवून कोणाला बोलावता येत नाही. हे साधारण 20 ते 60 सेकंदच चालते. हाक मारल्यावर उत्तर आले नाही, तर तो खेळत असेल असे समजू नये.

पाण्यात उडी घेऊ नये, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो. तो जवळ असेल तर काठावर पालथे पडून बांबू पुढे करावा. लांब असेल तर झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या कॅनला बैलाचा कासरा बांधावा आणि कॅन त्याच्या पलीकडे फेकावी, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येतो. कॅनमध्ये थोडे पाणी ठेवल्यास ती नीट लांब जाते.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे किंवा उलटे टांगणे (आपल्याकडे हे हमखास होते) ठामपणे थांबवावे. श्वास नसेल तर दुसऱ्याला 108 लावायला सांगून प्रथम तोंडाने 5 श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. तो शुद्धीवर आला, तरी दवाखान्यात न्यावेच.