बाण कुठून निघतो?

"मॅडम, सर फळ्यावर लिंक्ड लिस्ट शिकवतात तेव्हा सगळं कळतं. पण लॅबमध्ये पॉइंटरचा कोड लिहायला बसले की डोकं बंद पडतं. प्रोग्राम पाठ करून जाते, तरी चुकतो. माझ्यात लॉजिकच नाही का?"

दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की माझ्या खोलीत हे वाक्य येतंच. मी आधी संगणक शिकले, मग मानसशास्त्राकडे वळले, म्हणून असं कोणी म्हणालं की मी आधी तिची वही मागते. या मुलीच्या वहीत दहा आणि तीसच्या मध्ये वीस घालायचा प्रयत्न होता. p दहाच्या नोडकडे बघतोय, n नव्या वीसकडे:

```c
p->next = n;
n->next = p->next;
```

प्रोग्राम चालवला की पडद्यावर 10, मग 20, 20, 20... थांबायचं नावच नाही. तिने दोन्ही ओळी चारदा तपासल्या होत्या. "दोन्ही बरोबरच आहेत ना?" ती म्हणाली. सुट्या सुट्या पाहिल्या तर दोन्ही बरोबरच होत्या.

"चित्र काढ," मी म्हटलं. तिने एकमेकांना चिकटलेले तीन चौकोन काढले, मधे शोभेपुरते बाण. p हे अक्षर दहाच्या डोक्यावर लिहिलं. तिची अडचण मला तिथे दिसली. तिच्या लेखी p म्हणजेच दहाचा नोड होता, आणि बाण म्हणजे दोन चौकोनांमधली नुसती रेघ.

पॉइंटर ही रेघ नाही. तो स्वतःच एक छोटा डबा आहे, आणि बाण हा त्या डब्यातला ऐवज. म्हणून p ला वेगळा डबा काढायचा. प्रत्येक नोडचे दोन कप्पे पाडायचे, एकात आकडा, दुसऱ्यात next. एका डब्यातून एकच बाण निघतो, नवा काढायचा तर जुना खोडावा लागतो. बाण नेहमी नोडवर जाऊन टेकतो, दुसऱ्या बाणावर कधीच नाही. नुकत्याच घेतलेल्या नोडच्या next मध्ये प्रश्नचिन्ह काढायचं, कारण malloc तिथे NULL ठेवत नाही, जे काही पडलेलं असेल ते राहतं. शेवटच्या नोडमध्ये मात्र तिरकी रेघ, म्हणजे NULL.

एवढं सांगून मी तिच्या हातात पेन्सिल आणि खोडरबर दिलं. "आता तू कॉम्प्युटर. ओळ वाच, तेवढंच कर."

पहिली ओळ. तिने दहाच्या next मधला बाण खोडला आणि वीसकडे वळवला. दुसरी ओळ: p->next चा बाण जिथे जातो, तिथेच n->next चा बाण न्यायचा. पेन्सिल दहाच्या कप्प्यातून निघाली, वीसवर पोचली आणि अडखळली. मग तिने वीसमधून बाण काढला आणि वळवून वीसवरच टेकवला. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. "मॅडम, तीसकडे कुणीच बघत नाहीये."

मी गप्प बसले. त्या क्षणी समजावून सांगितलं असतं तर तो शोध माझा झाला असता. तिने सगळं खोडलं, आधी वीसचा बाण तीसला लावला, मग दहाचा वळवला. "म्हणजे तीसला दुसऱ्या कुणीतरी धरल्याशिवाय पहिला बाण सोडायचा नाही!" मी नियम सांगितलाच नव्हता.

माझं ठाम मत आहे की इथे कमतरता लॉजिकची नसते. p, n, दोन next, जुनी स्थिती आणि नवी स्थिती एवढं सगळं मनात एकाच वेळी धरून ठेवणं कुणालाही जड जातं. लिंक्ड लिस्ट 1950च्या दशकात नेवेल, शॉ आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी घडवली. 1957 साली नेवेल आणि शॉ यांनी ती छापील निबंधात मांडली तीही चौकोन आणि बाण काढूनच. पुढे 1987 मध्ये याच हर्बर्ट सायमनने जिल लार्किनबरोबर आकृतीचा फायदा उलगडून दाखवला: एकत्र लागणारी माहिती आकृतीत एकाच जागी असते, त्यामुळे शोधाशोध वाचते.

म्हणून कोडच्या आधी दोन चित्रं काढा, कामाआधीचं आणि कामानंतरचं. ज्या डब्यांतले बाण बदललेले दिसतील, तेवढ्याच तुमच्या ओळी. वरच्या उदाहरणात दोनच डबे बदलतात. मग त्या ओळींचा क्रम खोडरबराने तपासा. आणि p = p->next याने p चा स्वतःचा बाण पुढे सरकतो, यादी तशीच राहते, तर p->next = n याने यादीच बदलते, हा फरक डबे वेगळे काढले की डोळ्यांनाच दिसतो.

एकाच चित्रावर मात्र विसंबू नका. मधल्या जागेचं चित्र बरोबर आलं म्हणून रिकाम्या यादीत कोड चालेलच असं नाही. तिथे head मध्येच तिरकी रेघ असते, p ला टेकायला नोड नसतो, आणि p->next लिहिताच प्रोग्राम बहुधा सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. म्हणून रिकामी यादी आणि पहिल्या नोडच्याही आधी घालणं, ही दोन चित्रं वेगळी काढायचीच.

पुढच्या आठवड्यात ती नोड काढून टाकण्याचं चित्र घेऊन आली. "free(q) केल्यावर नोड खोडला. पण q चा बाण पण खोडायचा का?"

"तुला काय वाटतं?"

तिने बाण तसाच ठेवला, रिकाम्या कागदाकडे रोखलेला. मग खाली q = NULL; लिहिलं, आणि तेव्हा कुठे खोडरबर उचललं.