सरांना लिहिताना आधी चूक सांग, मग मार्क

अरे, तुझा पत्राचा मसुदा आणि पेपरचा फोटो दोन्ही नीट बघितलं. 'फक्त युनिटची चूक आहे, प्लीज मार्क द्या' हे वाक्य आधी काढून टाक, कारण ते वाचून सरांना नक्की काय बघायचं तेच कळत नाही.

तू काय केलंयस ते बघ. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, १२ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल, E २०० गिगापास्कल आणि I ८६०० सेंटीमीटरचा चौथा घात. बीम मधोमध किती वाकतो, म्हणजे डिफ्लेक्शन, त्याचा फॉर्म्युला 5wL⁴/384EI बरोबर, लोड १२ न्यूटन प्रति मिलिमीटर घेतलास तेही बरोबर. पण I मिलिमीटरमध्ये नेताना १० च्या चौथ्या घाताने गुणायच्या ऐवजी तिसऱ्याने गुणलंस, म्हणून ११.७७ मिमीच्या जागी ११७.७ आलं, बरोब्बर दहापट. पुढे स्पॅन भागिले ३०० म्हणजे २० मिमीच्या मर्यादेशी तुलना करून 'बीम फेल' लिहिलंस, ते तुझ्या आकड्याला धरूनच आहे.

हेच सगळं पत्रात येऊ दे, चारपाच ओळीत:

'सर, प्रश्न ३ मध्ये I चं रूपांतर करताना माझी चूक झाली, त्यामुळे उत्तर दहापट आलं. फॉर्म्युला, लोड आणि बाकी किमती बरोबर आहेत असं मला वाटतं. शेवटच्या उत्तराचे मार्क मागत नाही. ८ पैकी ० मिळालेत, तर पद्धतीचे मार्क देता येतील का ते कृपया बघावं. बरोबर केलेलं गणित सोबत जोडलंय.'

जोडायचं गणित मीटर आणि किलोन्यूटनमध्ये कर, म्हणजे उत्तराचा वेगळ्या युनिटमध्ये ताळाही होईल, फक्त I मीटरमध्ये नेताना १० च्या उणे आठव्या घाताने गुण. EI येतो १७२०० किलोन्यूटन मीटर वर्ग, वर ५ × १२ × १२९६ म्हणजे ७७७६०, आणि त्याला ३८४ × १७२०० ने भागलं की ०.०११७७ मीटर.

सर एक गोष्ट विचारतीलच, ११७ मिमी आलं तेव्हा खटकलं नाही का? ६ मीटरचा पोलादी बीम जवळपास पाच इंच वाकतोय, म्हणजे स्पॅनच्या एक्कावन्नाव्या भागाइतका, हे बघून थांबायलाच हवं होतं. त्यावर वाद घालू नकोस, आणि त्यांनी स्टेप मार्किंगमध्ये युनिटसाठी वेगळे मार्क ठेवले असतील तर ते गेले असं धर.

आणि हो, हा इंटर्नल पेपर आहे म्हणून थेट सरांना लिहिता येतंय, युनिव्हर्सिटीच्या पेपरला असं पत्र चालत नाही, तिथे फोटोकॉपी मागवून पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. पत्र आजच दे, इंटर्नलचे मार्क एकदा वर गेले की सरांनाही बदलणं अवघड होतं.