‘टू व्हॉट एक्स्टेंट’ला ‘दोघंही थोडे थोडे’ हे उत्तर का चालत नाही

प्रश्न: मुलगी दहावीला आहे, आयजीसीएसई. इंग्रजी लिटरेचरच्या पेपरात एक्सप्लोअर, इव्हॅल्युएट, टू व्हॉट एक्स्टेंट असं काहीही आलं तरी ती एकसारखंच लिहून येते आणि मार्क जातात. नेमका फरक काय?

उत्तर: मी याच वयाच्या मुलांना हा विषय शिकवते. पहिल्या दोन शब्दांत मुलं फारशी अडकत नाहीत. एक्सप्लोअर असेल तर निकाल देण्याची घाई नको. लेखकाने तो परिणाम कसा साधला ते शब्द, प्रतिमा, प्रसंगांची मांडणी धरून उलगडायचं. इव्हॅल्युएट असेल तर निकाल हवाच, आणि तो कशाच्या जोरावर दिला तेही.

खरी गोची तिसऱ्यात आहे. तिथे प्रश्नातच एक मत ठेवलेलं असतं आणि ते कुठपर्यंत टिकतं हे सांगायचं असतं. समजा शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकावर आलं, की राजा डंकनच्या खुनाला मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ कितपत जबाबदार आहे? बहुतेक मुलं अर्ध्या निबंधात तिला दोषी धरतात, अर्ध्यात मॅकबेथला, आणि शेवटी ‘दोघंही काही अंशी जबाबदार’ म्हणून मोकळी होतात. म्हणजे ‘कितपत’ राहिलंच!

आता नाटकात बघा. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, बायकोची भेट व्हायच्या आधीच, खुनाच्या कल्पनेने मॅकबेथच्या अंगावर काटा येतो. म्हणजे विचार तिने पेरलेला नाही. पण सातव्या प्रवेशात तो ‘आता पुढे जायचं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मर्दानगीवर बोट ठेवून ती त्याला फिरवते, पहारेकऱ्यांना दारू पाजायचा बेतही तीच सांगते. पुढे आपला सोबती बँको याचा काटा काढताना मात्र तो तिला काही कळूच देत नाही. यातून सीमा आखता येते: विचार त्याचा, पण माघार घेतलेला माणूस त्या रात्री पुन्हा उभा राहिला तो तिच्यामुळे. हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात यायला हवं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्यालाच धरून चालायला हवा.

हुशार मुलं इथे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. कोर्टात केस चालवल्यासारखं लिहितात आणि हे नाटक आहे हे विसरतात. भाषेचे आणि रचनेचे मार्क याही प्रश्नात असतात. सातव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ आधी प्रश्नांमागून प्रश्न विचारते, त्याला सावरायला उसंत देत नाही. तिचा दबाव किती होता याचा पुरावा त्या प्रश्नांच्या माऱ्यातच आहे. केंब्रिजच्या निकषांत स्वतःचा प्रतिसादही मोजला जातो, तेव्हा प्रश्नातल्या मताशी असहमत व्हायला हरकत नाही, फक्त आधार संहितेतला हवा.

मुलीचा एखादा जुना निबंध काढा आणि प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचा. ती वाक्यं ‘लेडी मॅकबेथचं चित्रण एक्सप्लोअर करा’ या प्रश्नाखाली जशीच्या तशी खपत असतील, तर मार्क तिथेच गेले आहेत.