अण्णांची निधनवार्ता

“मॅडम, काल पहाटे अण्णा गेले. उद्याच्या पेपरला जाहिरात द्यायचीय. पेपरवाल्यांनी नमुना पाठवलाय, नुसतं नाव भरायचं. पण वाचलं की वाटतं, हे कुणाचेही वडील असतील. काय लिहू?”

ही ताई सांगलीचीच. वडिलांच्या आजारपणात वर्षभर मन मोकळं करायला माझ्याकडे येत होती. मी म्हटलं, नमुना वाचून दाखव. “कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे परमपूज्य वडील यांचे अल्पशा आजाराने...” इथं ती थांबली. अण्णा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, आणि कूस बदलायला रात्री दोनदा उठायची ती हीच. ‘अल्पशा’ या एका शब्दानं तिची तीन वर्षं पुसली जात होती. तिला खुपत होतं ते हेच. आम्ही आधी तो शब्द काढला.

“अण्णा कसे होते?” असं मी मुद्दाम विचारलं नाही. त्यावर प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ अशीच उत्तरं येतात. त्याऐवजी विचारलं, कामावर गेल्यावर ते पहिल्यांदा काय करायचे? अण्णा मार्केट यार्डात मापाडी. ती लगेच म्हणाली, “काट्याला हात जोडायचे. आणि पोतं ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे ना, ते शेतकऱ्यालाच बघायला लावायचे.” मी म्हटलं, हे जसंच्या तसं लिही.

मग ‘परमपूज्य’ गेलं, ‘क्रूर काळाने झडप घातली’ गेलं. भावाला ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ हवं होतं. आई मात्र कालपासून एकच वाक्य म्हणत होती, पांडुरंगानं जवळ केलं. छापील वाक्य घरात कुणाच्या तोंडी असेल तर राहू द्यावं, नाहीतर घरातलंच घ्यावं. आईचं घेतलं. घरचा पत्ता काढायला लावला, कारण रक्षाविसर्जनाच्या वेळी घराला कुलूप असणार आणि ती वेळ आपणच छापणार. टोपणनाव वर घेतलं. यार्डातल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊकच नव्हतं.

पूर्ण नावाखाली मजकूर असा झाला:

“मार्केट यार्डातले अण्णा मापाडी, वय 74, रविवारी पहाटे राहत्या घरी वारले. तीन वर्षं ते अंथरुणावर होते. त्याआधी 34 वर्षं त्यांनी हळद तोलली. पोतं ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे ते शेतकऱ्यालाच बघायला लावत. पांडुरंगानं त्यांना जवळ केलं. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी 9 वाजता, अमरधाम स्मशानभूमी, सांगली.”

पाठवण्याआधी तिनं हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं एकच दुरुस्ती सांगितली: “हळद आणि गूळ.”

संध्याकाळी पेपरमधून फोन आला, त्याच पैशात अजून दोन ओळी बसतात, ‘शोकाकुल समस्त परिवार’ घालू का? ताई म्हणाली, नको, आईचं नाव घाला.