‘बुडीत खर्च’ आणि ‘संबंधित खर्च’

प्रश्न : ‘सन्क कॉस्ट’ला ‘बुडीत खर्च’ आणि ‘रेलेव्हंट कॉस्ट’ला ‘संबंधित खर्च’ म्हणणे बरोबर आहे का? आमचे गोदाम अर्धवट उभे आहे. त्यावर झालेला सगळा खर्च बुडीत समजायचा का?

‘बुडीत’ हा शब्द रूढ आहे आणि तो टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ‘बुडीत कर्ज’ या प्रयोगामुळे त्याला नुकसानीचा जो वास लागला आहे, तो येथे अभिप्रेत नाही. जोत्यावर झालेला खर्च बुडीत आहे याचा अर्थ जोते वाया गेले असा नव्हे, तर पुढे काहीही ठरवले तरी तो पैसा परत हाती येणार नाही, एवढाच आहे. म्हणून मी स्वतः ‘होऊन गेलेला खर्च’ असे लिहिणे पसंत करतो.

‘संबंधित’ला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. गोदामाशी संबंधित तर झालेला खर्चही असतोच. येथे संबंध पाहायचा तो निर्णयाशी, म्हणून ‘निर्णयसंबद्ध खर्च’ म्हणावे. जो खर्च पुढे व्हायचा आहे आणि बांधकाम पुरे केले की एक व थांबवले की दुसरा असा बदलतो, तोच निर्णयसंबद्ध होय.

समजा, जागेसह आजवर 1 कोटी 20 लाख रुपये खर्च झाले असून उरलेल्या कामाला आणखी 70 लाख लागतील. पुरे झालेले गोदाम 1 कोटी 60 लाखांना विकले जाईल. आहे त्या स्थितीत जागा व सांगाडा यांचे 75 लाख येतील आणि आवारात पडून असलेल्या सळ्यांचे 6 लाख. एकूण 1 कोटी 90 लाख घालून 1 कोटी 60 लाखच मिळतात, तेव्हा थांबावे, असा हिशेब सहज केला जातो. पण तो चुकीचा आहे. पुरे केल्यास येथून पुढे 90 लाख हाती राहतात आणि थांबल्यास 81 लाख, म्हणून पुरे करणेच बरे. उरलेले काम 79 लाखांच्या वर गेले, तर मात्र थांबावे. मग झालेले 1 कोटी 20 लाख कितीही जिवाला लागोत. (काम चार महिन्यांचे धरून व्याजाचा फरक सोडला आहे, काम लांबल्यास तो धरावाच लागेल.)

सळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्या 9 लाखांना घेतल्या असतील, तर ते 9 लाख होऊन गेलेले आहेत. पण त्या वापरल्या की विक्रीचे 6 लाख हातचे जातात आणि हे 6 लाख निर्णयसंबद्ध आहेत. जागेचेही तसेच : खरेदीची किंमत नव्हे, आजची किंमत पाहावी.

आधी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र या दोन्ही नावांत बसत नाहीत. ते पुढे भरायचे असल्यामुळे होऊन गेलेले नाहीत आणि दोन्ही मार्गांनी सारखेच भरावे लागणार असल्यामुळे निर्णयसंबद्धही नाहीत. त्यांना ‘अटळ खर्च’ म्हणता येईल. आहे त्या स्थितीत विक्री केली तरच बँक सगळे कर्ज एकदम फेडून घेणार असेल आणि त्यावर दंड लावणार असेल, तर तेवढा दंड निर्णयसंबद्ध ठरतो.